प्रस्तावलेखनाच्या नोंदी : हंगामी वसतिगृह, जुलै ते डिसेंबर २०२५

१४ जुलै २०२५

मोठ्या स्वयंसेवी संस्थेतली अहवाल आणि निधीसाठीचे प्रस्ताव लिहिण्याची नोकरी जूनअखेर सोडली. आता तेच काम लहान संस्थांसाठी स्वतंत्रपणे करायचं. लहान म्हणजे वर्षाचा खर्च पन्नास लाखांच्या आत, काम चोख, पण इंग्रजीत बारा पानं लिहून देणारं माणूस नाही अशा.

आज फक्त दर ठरवला. घरखर्च, विमा, कर, प्रवास, लॅपटॉप-इंटरनेट धरून वर्षाला सहा लाख हवेत. वर्षाचे कामाचे तास साधारण दोन हजार. त्यातले निम्मे संस्था शोधणं, फोन, हिशेब, वाचन यांत जाणार, त्याचं बिल कुणाला लावणार? उरले हजार. म्हणजे तासाला सहाशे रुपये. मात्र संस्थेला तासाचा दर सांगायचा नाही. त्यांना एकूण आकडा लागतो, कारण तो कार्यकारिणीपुढे ठेवून ठराव करायचा असतो. तासाचा हिशेब माझ्या वहीत, बाहेर ठोक रक्कम.

१९ जुलै

पहिलं काम कुठून आणायचं याचं उत्तर सीएच्या ऑफिसात मिळेल हा अंदाज होता. २०२१ मध्ये ज्या जुन्या संस्थांनी १२एबी आणि ८०जीची, म्हणजे संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना आयकरात सवलत देणाऱ्या कलमांखालची, फेरनोंदणी केली, त्यांतल्या बहुतेकांची पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत करायचा आहे. त्यामुळे न्यासांचं ऑडिट करणाऱ्या प्रत्येक सीएकडे सध्या संस्थांची रीघ आहे. तीन वर्षांचे ताळेबंद, घटनेची प्रत, विश्वस्तांची यादी अशी फाइल घेऊन माणसं येतात. प्रस्तावाला नेमकी हीच फाइल लागते.

ओळखीच्या सीए साहेबांकडे गेले. "संस्थांची नावं द्या" असं म्हटलं नाही. त्यांच्यापुढे एका पानाचा कागद ठेवला. त्यात 'कागदपत्र तपासणी, सहा हजार रुपये' असं एकच काम लिहिलेलं. संस्थेची कागदपत्रं आणि मागचं काम पाहून ती सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायच्या निधीसाठी, किंवा फाउंडेशनकडे आज अर्ज करू शकते का, कुठे अडेल, आणि आधी काय दुरुस्त करायचं, याचं चार पानी टिपण मराठीत. साहेबांना हे आवडण्याचं कारण सरळ आहे. अपुऱ्या कागदांचा मनस्ताप शेवटी त्यांच्याच टेबलावर येतो. त्यांनी तिथल्या तिथे दोन फोन केले.

संस्थांना थेट 'मी निधी मिळवून देते' अशी मेल पाठवायची नाही, हे पक्कं आहे. तशा मेल त्यांना रोज येतात, आणि बहुतेक पाठवणारे टक्का मागणारे असतात.

२८ जुलै

दोनपैकी एक संस्था तयार झाली. बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. आईबाप कारखान्यावर गेले की मुलं कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, जाऊन शाळा बुडू नये म्हणून गावातच नोव्हेंबर ते एप्रिल राहण्या-जेवणाची सोय. संस्था चालवणाऱ्या ताई माजी शिक्षिका, अध्यक्ष निवृत्त ग्रामसेवक. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

दिवसभर कागद पाहिले. ऑडिट तीन वर्षांचं नीट आहे, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी आहे, सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा क्रमांक आहे. वसतिगृहाचे पाच हंगाम झालेत, म्हणजे सीएसआर नियमांतली समान कामाच्या किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट पूर्ण होते. अडचणी दोन.

पहिली म्हणजे, धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट-१ च्या, म्हणजे न्यासांच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर अजून अशा विश्वस्ताचं नाव आहे जे दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या जागी ताईंच्या सहकारी आल्या, ठराव झाला, धर्मादाय कार्यालयात बदल नोंदवण्याचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल आहे, निकाल बाकी. पण दर्पणवर नवी नावं आणि उताऱ्यावर जुनी. कंपनीच्या पडताळणीत हे दोन कागद शेजारी ठेवले जातात आणि पहिला प्रश्न तिथेच येतो. हे ओळखायला वकील लागत नाही. उतारा, दर्पण, बँकेचे सहीदार आणि ८०जीच्या अर्जातली नावं एका तक्त्यात चार स्तंभांत लिहायची, जिथे ओळ जुळत नाही तिथे घोळ. उपाय म्हणून मृत्यू दाखला, ठराव, चेंज रिपोर्टची पोच आणि अर्ज क्रमांक असा जोड तयार करून प्रस्तावासोबत आपणहून लावायचा. त्यांनी विचारण्याआधी.

दुसरी अडचण ८०जीची. हंगाम एप्रिलमध्ये संपतो, प्रमाणपत्र मार्चमध्ये. नूतनीकरणाच्या अर्जाची पोच नसेल तर प्रकल्पाचा शेवटचा महिना उघडा पडतो. सीए साहेबांना कळवलं, त्यांनी ऑगस्टमध्येच भरू म्हटलं.

सहा हजार मिळाले. चेकने, पावतीसह.

२ ऑगस्ट

टिपण वाचून अण्णांचा फोन. पुढचं काम, म्हणजे पूर्ण प्रस्ताव, करायचा आहे. मी तीस हजार सांगितले. अण्णा हसले. "मॅडम, तीस कशाला, मंजूर होईल त्याच्या दहा टक्के घ्या की. तुमचाच फायदा आहे. आणि नाही झालं तर आमचंही नुकसान नाही."

फायदा माझा आहे हे खरंच. ताईंच्या मनात साडेआठ लाखांचा आकडा आहे, दहा टक्के म्हणजे पंच्याऐंशी हजार. नाही म्हणताना जीभ जड झाली, पण कारणं त्यांच्याच बजेटवर बोट ठेवून सांगितली.

पंच्याऐंशी हजार कुठल्या ओळीतून देणार? कंपनीचा पैसा जेवण, पगार, अंथरूण अशा ओळींत बांधून येतो आणि वर्षाअखेरीस सीएला उपयोगिता प्रमाणपत्रावर त्याच ओळींसमोर सही करायची असते. 'प्रस्ताव लिहिणाऱ्याचं कमिशन' अशी ओळ कुठलीही कंपनी मंजूर करत नाही, शिवाय तो खर्च करार होण्याआधीचा. मग तो किराणा किंवा प्रवासात लपवावा लागेल. गृहपालांना संपूर्ण हंगामाचे बहात्तर हजार मिळतात, मला त्याहून जास्त, आणि ते मुलांच्या जेवणाच्या नावावर. अण्णा ग्रामसेवक होते, कॅशबुक त्यांना कळतं. तिथे ते गप्प झाले.

दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते. टक्क्यावर असलेल्या माणसाचा हात बजेट फुगवण्याकडेच जातो. आणि मंजुरी पुष्कळदा लेखनावर अवलंबूनच नसते. कंपनीचा जिल्हा बदलतो, नफा घटतो, संचालक मंडळाला यंदा शिक्षणाऐवजी पाणी हवं असतं. त्या जुगारात माझे पन्नास तास लावायचे आणि हरले तर ते संस्थेला फुकट, हा व्यवहार कुणाच्याच हिताचा नाही. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स आणि ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन या दोन्ही संघटनांच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे या धंद्याला बांधणारी अशी संहिता कुणी विचारत नाही, पण कंपनीतल्या काही सीएसआर अधिकाऱ्यांना ही मनाई माहीत असते.

५ ऑगस्ट

दोन पानी कामाचं पत्र दोन्ही बाजूंनी सही होऊन आलं. आकड्याची फोड अशी : माहिती गोळा करणं आणि गावात एक भेट बारा तास, दोन पानी संकल्पना टिपण पाच, पूर्ण प्रस्ताव चौदा, बजेट आणि त्याचं स्पष्टीकरण आठ, जोडपत्रं पाच, दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या सहा. पन्नास तास, तीस हजार.

हप्ते तीन. सही झाल्यावर बारा हजार, पहिला मसुदा हातात दिल्यावर बारा, अंतिम प्रत दिल्यावर सहा. शेवटचा हप्ता मुद्दाम 'अंतिम प्रत दिल्यापासून पंधरा दिवसांत' असा लिहिला. 'अर्ज सादर झाल्यावर' असं लिहिलं आणि संस्थेनेच ऐनवेळी अर्ज न पाठवायचं ठरवलं, तर पैसे अडकतात. 'मंजुरीनंतर' हा शब्द पत्रात कुठेही नाही. सादर केल्यानंतर कंपनीशी वाटाघाटी झाल्या तर ते वेगळं काम, तासाला सहाशे, आणि आधी विचारून.

एवढे पैसे संस्था कुठून देणार हा प्रश्न ताईंनीच काढला. ज्या अनुदानासाठी अर्ज करतोय त्यातून नाही, हे आता त्यांना कळलं आहे. गावातल्या आणि पुण्यातल्या देणगीदारांकडून आलेला, कुठल्याही कामाला न बांधलेला पैसा थोडा शिल्लक आहे, त्यातून. कार्यकारिणीचा ठराव केला. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेत हाच खर्च एफसीआरए खात्यातून केला तर तो प्रशासकीय खर्चात धरला जातो आणि त्यावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. इथे तो प्रश्न नाही.

मोकळा पैसा अजिबातच नसलेली संस्था आली तर? हप्ते महिन्यांवर पसरता येतात, काम छोटं करता येतं, म्हणजे फक्त संकल्पना टिपण आणि बजेट. किंवा एखाद्या देणगीदाराला 'या वर्षीची देणगी प्रस्तावाच्या खर्चासाठी' असं विचारता येतं. 'आधी पैसे आले की देऊ' याला मात्र मी तयार नाही. तो टक्काच आहे, फक्त आकडा ठरलेला.

१४ ऑगस्ट

कंपनी निवडली. संचालक मंडळाने मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकायचे असतात, आणि csr.gov.in वर जिल्हानिहाय खर्च दिसतो. मराठवाड्यात कारखाना किंवा गोदाम असलेल्या कंपन्या बाजूला काढल्या, त्यांत ज्यांनी आधी वसतिगृह, पोषण किंवा शाळाबाह्य मुलं यांवर खर्च केलाय अशा. हाती उरलेल्या मोजक्यांपैकी एकीचं धोरणपत्र स्पष्ट आहे, स्थलांतरित कुटुंबांची मुलं असा शब्दच त्यात आहे. तिच्या सीएसआर अधिकाऱ्यांना आधी दोन पानं. उत्तर आलं की पूर्ण प्रस्ताव.

ताईंची इच्छा एकाच मजकुराने वीस ठिकाणी पाठवायची होती. त्याचे पैसे मी घेणार नाही असं सांगितलं, कारण त्याचा उपयोग नाही.

२५ ऑगस्ट

दोन पानांना होकार आला. आता बजेट. या कामातला खरा वेळ इथेच जातो.

ताईंनी दिलेला कागद सहा लाख ऐंशी हजारांचा होता. मनातला आकडा साडेआठ, कागदावर पावणेसात. विचारलं तर म्हणाल्या, "एक स्वयंपाकीण आपल्याच गावची, ती कमीत चालवून घेते. आणि हिशेबनीस कशाला दाखवायचा, कंपनीला वाटेल पैसे आम्हीच खातो. शिवाय सीएसआरमध्ये पाच टक्क्यांच्या वर ओव्हरहेड चालत नाही ना?"

ही पाच टक्क्यांची समजूत मी प्रत्येक संस्थेत ऐकते. नियमातली मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तिच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्के. राबवणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाचा किंवा हिशेबनिसाचा पगार त्यात येत नाही. काही कंपन्या स्वतःची वेगळी मर्यादा ठेवतात, म्हणून अधिकाऱ्यांना फोन करून विचारलं. इथे अट एवढीच की अशा ओळी स्पष्ट नावाने दाखवाव्यात.

मग एकेक ओळ खरी केली. चाळीस मुलं, सहा महिने, १८० दिवस. जेवण-नाश्ता दिवसाला ५५ रुपये, म्हणजे मुलामागे हंगामाचे ९,९००. अंथरूण-पांघरूण १,२००, आरोग्य तपासणी आणि स्वच्छतेचं साहित्य १,५००. मुलामागे एकूण १२,६००, चाळिसांचे ५,०४,०००. आता मुलांच्या संख्येशी संबंध नसलेला खर्च : गृहपाल ७२,०००, दोन स्वयंपाकिणी नऊ-नऊ हजारांनी १,०८,०००, अभ्यासिकेचे शिक्षक ४८,०००, भाडं-वीज ६०,०००, हिशेबनीस ४८,०००, ऑडिट १०,०००. हे झाले ३,४६,०००. दोन्ही मिळून साडेआठ लाख. ताईंचा मनातला आकडा बरोबर होता, कागदावर आणायला त्या बिचकत होत्या.

बजेट मुद्दाम या दोन भागांत मांडलं, मुलामागचा खर्च वेगळा आणि ठरलेला खर्च वेगळा. कंपनीचा तक्ता तसा नव्हता, पण शेवटी एक ओळ जोडायला त्यांची हरकत नव्हती.

९ सप्टेंबर

अंतिम प्रत दिली, ताईंनी सादर केली. पाठवण्याचं काम संस्थेच्या मेलवरून, संस्थेच्या लॉगिनने. माझं नाव प्रस्तावात कुठेच नाही आणि कंपनीशी बोलणं ताईंनीच करायचं. मी फोनवर 'संस्थेच्या वतीने' बोलू लागले की कंपनीला वाटतं संस्थेला स्वतःचं काम सांगता येत नाही.

शेवटचे सहा हजार चार दिवस उशिरा येणार, अण्णांनी आधीच कळवलं. चालेल.

२२ सप्टेंबर

पितृपक्षात पुण्यात भरणाऱ्या 'देणे समाजाचे' प्रदर्शनाला जाऊन आले. लहान संस्था स्टॉल मांडून बसतात, लोक येऊन काम समजून घेतात, देणगी देतात. दुसरं काम शोधायला जागा चांगली, पण तिथे संस्थेचे लोक देणगीदारांसाठी आलेले असतात, मला त्यांचा वेळ खायचा नव्हता. म्हणून फक्त वार्षिक अहवाल गोळा केले आणि घरी वाचले.

अहवालावरून बरंच कळतं. देणगीदारांची यादी आहे पण खर्चाचं पान नाही, तिथे मी जात नाही. सगळा निधी एकाच दात्याकडून येतो आणि ते सहकार्य यंदा संपतंय, अशा संस्थेला प्रस्तावाची खरी गरज असते, पण तीच सगळ्यात घाईत असते. मला जी संस्था हवी ती मधली : दोन-तीन ठिकाणांहून पैसा, पाचेक वर्षांचं काम, आणि अहवालात एखादी फसलेली गोष्टही लिहिलेली. अशा तिघांना मेल केली, त्यांच्याच अहवालातल्या एका नेमक्या मुद्द्यावर, आणि शेवटी कागदपत्र तपासणीची माहिती. एका अंध मुलींच्या वसतिगृहाने उत्तर दिलं.

तपासणीआधी आता फोनवर तीनच गोष्टी विचारते. शेवटची तीन ऑडिट आहेत का, ८०जी कधीपर्यंत आहे, आणि पैसा तीन महिने उशिरा आला तर काम कसं चालवाल? तिसऱ्या प्रश्नाला 'तसं होणारच नाही' असं उत्तर आलं की पुढे विचारात पडते. सीएसआरचा हप्ता उशिरा येतोच.

३० ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर आलं. प्रकल्प पसंत, पण चाळीसऐवजी पंचवीस मुलांसाठी, आणि रक्कम त्याच प्रमाणात : ५,३१,२५०. ताईंनी आनंदाने फोन केला, अण्णा हो म्हणून कळवायला निघाले होते. थांबवलं.

मुलं कमी झाली तरी गृहपाल एकच लागतो आणि भाडं तेवढंच. पंचवीस मुलांचा मुलामागचा खर्च ३,१५,०००, ठरलेला खर्च ३,४६,०००, बेरीज ६,६१,०००. कंपनीच्या रकमेत एक लाख तीस हजारांच्या आसपास खड्डा. हो म्हटलं असतं तर जानेवारीत किराणा उधारीवर आणि मार्चमध्ये शिक्षकाचं मानधन थकीत.

६ नोव्हेंबर

वाटाघाटींचं काम पत्राप्रमाणे वेगळं, चार तास, २,४००. अण्णांनी आधी मंजुरी दिली.

एक स्वयंपाकीण कमी केली, ५४,००० वाचले, खर्च ६,०७,००० वर आला. पंचवीस मुलांना एका स्वयंपाकिणीसोबत गावातल्या बचत गटाची मदत पुरते असं ताई म्हणाल्या, तो त्यांचा निर्णय. मग दोन भागांचं तेच बजेट पंचवीस मुलांसाठी मांडून ताईंनी अधिकाऱ्यांना पाठवलं, सोबत अर्ध्या पानाचं पत्र. विनंती एवढीच : ठरलेला खर्च मुलांच्या प्रमाणात कमी होत नाही, तेव्हा साडेपाच लाख करावेत, उरलेले ५७,००० संस्था धान्याच्या रूपाने गावातून उभे करेल. ज्वारी आणि गहू हंगामात मिळतात, त्याची नोंद वस्तुरूप देणगी म्हणून ठेवायची, हे सीए साहेबांकडून पक्कं करून घेतलं.

अधिकाऱ्यांचा फोन ताईंना आला. त्यांनी ठरलेल्या खर्चाची ओळ न् ओळ विचारली, ताईंनी न अडखळता सांगितली. साडेपाच लाख मंजूर, दोन हप्त्यांत.

माझं बिल एकूण ३८,४००. एका संस्थेकडून वर्षात पन्नास हजारांच्या आत, म्हणून व्यावसायिक शुल्कावरची टीडीएस कपात लागू नाही. मार्चच्या आत त्यांनी आणखी काम दिलं आणि बिल पन्नास हजारांच्या वर गेलं तर दहा टक्के कापावे लागतील, हे अण्णांना लिहून दिलं.

८ डिसेंबर

अंध मुलींच्या वसतिगृहाची तपासणी झाली. त्यांना आज प्रस्ताव नको, दात्यांना द्यायचे अहवाल वेळेवर जायला हवेत. वर्षभरासाठी महिन्याला सहा हजार, दहा तास, न वापरलेले तास पुढच्या एकाच महिन्यात चालतील, अशी बोलणी आहेत. त्यांच्या सचिवांनी विचारलं, "पुढे निधी वाढला तर तुमचंही वाढवू, टक्क्याने?" निधी वाढला की अहवाल वाढतात, तास वाढतात, तेव्हा तासांवरच वाढवू, असं उत्तर दिलं. गुरुवारी कार्यकारिणी आहे, पत्राचा मसुदा बुधवारपर्यंत पाठवायचा.